एक कोटीचे दहा मिलियन

शब्दांतली रक्कम चुकली आहे हे मला सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी कळलं. टेंडर टाकायची मुदत त्याच दिवशी दुपारी दोनपर्यंत होती आणि आमचं पाकीट आदल्या दिवशीच पेटीत पडलं होतं.

टेंडर माझ्या मेहुण्याचं. हिचा धाकटा भाऊ. घरात सगळे त्याला धाकटाच म्हणतात, पन्नाशी आली तरी. त्याचा दवाखान्याचे लोखंडी पलंग बनवायचा कारखाना आहे. परदेशी मदतीतून एक मोठा दवाखाना उभा राहतो आहे, त्याला एकशेवीस पलंग हवे होते. पलंग, ते बसवून देणं आणि दोन वर्षांची दुरुस्ती, सगळं मिळून एकच रक्कम लिहायची होती. कागद इंग्रजीत पाहिजेत, आणि रक्कम लाख-कोटीत चालणार नाही, मिलियनमध्ये पाहिजे, अशी अट होती. धाकट्याने आपल्या भाषेत दरपत्रक लिहिलं आणि माझ्याकडे आणून टाकलं. रक्कम होती १,०६,२०,०००. एक कोटी सहा लाख वीस हजार.

हे काम आम्ही दोघं वीस वर्षं करत होतो. ही भाषांतर करायची, मी टाइप करायचो आणि तिच्याबरोबर तपासायचो. बँकेची पत्रकं, दरपत्रकं, खरेदीखतं. आकड्यांची तपासणी तिने स्वतः बसवलेली होती. मी इंग्रजी शब्दांतली रक्कम वाचायची. तिने मूळ कागद पालथा ठेवून, नुसतं ऐकून कोऱ्या कागदावर आकडे लिहायचे. मग मूळ कागद उलटा करून दोन्ही जुळवायचे. एकाच माणसाला हे जमत नाही, कारण वाचणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं.

तिला जाऊन आठ महिने झाले. मी एकटाच काम करतो. घरी बसवत नाही. घरात एका खोलीतून दुसरीत जातो, पंखा लावतो, बंद करतो, पुन्हा बाहेर पडतो. कार्यालयात निदान कागद असतात. त्या सकाळी हाताला काही काम नव्हतं म्हणून धाकट्याच्या टेंडरची आमच्याकडची प्रत फायलीत लावायला घेतली. लावता लावता सहज शब्द मोठ्याने वाचले आणि बाजूच्या कागदावर आकडे लिहिले. वन मिलियन सिक्स हंड्रेड ट्वेंटी थाउजंड. एक, मग सहाशे वीस, मग तीन शून्यं. १,६२०,०००.

मी ते लाखात केलं. सोळा लाख वीस हजार.

प्रतीवर आकड्यात १०,६२०,००० असं बरोबर होतं. आकड्यांचे स्वल्पविराम संगणकच टाकतो, तिथे चुकायला वाव नव्हता. शब्द मात्र मी लिहिले होते, आणि कसे लिहिले तेही लगेच कळलं. तुकडे पाडून. वीस हजाराचे ट्वेंटी थाउजंड, बरोबर. सहा लाखाचे सिक्स हंड्रेड थाउजंड, बरोबर. आणि एक कोटीला बिनदिक्कत वन मिलियन ठोकलं. एक कोटी म्हणजे दहा मिलियन. दहा लाखांचा एक मिलियन, मग शंभर लाखांचे दहा. शाळेतलं पोरसुद्धा सांगेल.

ही तुकडे पाडू द्यायची नाही. आधी स्वल्पविराम काढून टाका, उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट करा, आणि मगच तोंड उघडा, असं तिचं म्हणणं. दहा, सहाशे वीस, तीन शून्यं. टेन मिलियन, सिक्स हंड्रेड ट्वेंटी थाउजंड. एवढंच.

टेंडरच्या अटी मीच भाषांतर केलेल्या होत्या, त्यामुळे पुढचं पाठ होतं. आकडा आणि शब्द यांत फरक पडला तर शब्द धरले जातील. शब्दांत सोळा लाख. धाकटा सगळ्यांत स्वस्त ठरणार, काम त्याच्या गळ्यात पडणार, आणि त्याने नाही म्हटलं तर दोन लाखांची अनामत जप्त. हो म्हटलं तर कारखाना जप्त झाल्यासारखाच. आणखी एक अट होती. मुदतीच्या आत दुसऱ्या पाकिटातून रक्कम बदलता येते, पण सही करायचा अधिकार ज्याला दिलेला आहे त्याचीच सही लागते.

ती सही धाकट्याची. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी बॅगेत प्रत कोंबली आणि कुलूप न लावताच जिना उतरलो. निम्म्यात आल्यावर आठवलं, परत वर गेलो, कुलूप लावलं. बस पुढच्या चौकातून निघून जाताना दिसली. दुसरी यायला बारा मिनिटं. मी थांब्यावर उभा राहू शकलो नाही. पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेलो, तिथून त्याच्या पुढच्या. शेवटी बस मला मागून गाठून पुढे निघाली तेव्हा हात दाखवून थांबवली.

"काका, थांब्यावर उभं राहिलात तर गाडी थांबते," वाहक म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं.

"मग पळत कशाला होता?"

बसायला जागा होती तरी दांड्याला धरून उभा राहिलो.

कारखान्यात साडेअकराला पोचलो. पत्र्याच्या छपराखाली पलंगांचे सांगाडे उभे करून ठेवलेले होते, कापायचं यंत्र चालू होतं, कोणाचंच कोणाला ऐकू येत नव्हतं. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत धाकट्याची बायको हिशोब लिहीत बसली होती. मी तिला वहिनी म्हणतो. कारखान्याचं कागदोपत्री सगळं तीच बघते. मला बघून तिने आधी माझ्या चपलांकडे आणि मग तोंडाकडे बघितलं.

"भाऊजी, खरं सांगा, सकाळपासून काही खाल्लंय?"

"हा कुठे आहे?"

"रंगवाल्याकडे. पलंगांना रंग बरोबर चढला नाही म्हणून तावातावाने गेलेत. फोन इथेच चार्जिंगला." तिने टेबलावर बोट दाखवलं. माझे तीन फोन त्यावर दिसत होते. "काय झालं?"

मी प्रत तिच्यापुढे ठेवली आणि सांगितलं. तिला दोनदा सांगावं लागलं, कारण मी पहिल्यांदा भराभर सांगितलं. दुसऱ्यांदा तिने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे एक शून्य गेलं."

"शून्य नाही गेलं. आकड्यात सगळी शून्यं आहेत. शब्दांत दहाच्या जागी एक आहे."

"भाऊजी, दहातून शून्य गेलं की एकच राहतो," ती म्हणाली. "रुपयात सांगा. किती?"

"नव्वद लाख."

बाहेरचं यंत्र थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"पण तुम्ही तर म्हणाला होतात दोघांनी तपासलंय म्हणून. माझ्यासमोर सांगितलंत यांना. दुसरं कोण होतं?"

धाकट्याने विचारलं होतं हे खरं. पाकीट बंद करताना तो म्हणाला होता, भाऊजी, नीट तपासलंय ना, आणि मी म्हटलं होतं, नेहमीसारखं, दोघांनी.

"कोणी नव्हतं," मी म्हटलं.

"आणि बिलात तपासणीचे वेगळे लावलेत ते?"

आमच्या बिलावर दोन ओळी छापलेल्या असतात. एक भाषांतर, एक तपासणी. वीस वर्षं तसंच छापून घेतोय. तिच्यानंतर पहिलं बिल करायला बसलो तेव्हा दुसरी ओळ खोडायला हात उचलेना. रक्कम घातली. मग पुढच्या बिलातही घातली. हे सगळं मी वहिनींना सांगितलं नाही. "लावले," एवढंच म्हटलं.

"यांना मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा. आता पत्र काढा. संगणक तो."

मी बसलो. कारखान्याच्या नावाच्या कागदावर दोन वाक्यांचं पत्र. आधीच्या पत्रातली शब्दांत लिहिलेली रक्कम रद्द समजावी, त्याऐवजी पुढील रक्कम धरावी. मी रक्कम टाइप केली आणि बोटं थांबली. टेन मिलियन सिक्स हंड्रेड ट्वेंटी थाउजंड. बरोबर वाटत होतं. पण कालही बरोबरच वाटलं होतं.

"छापा की," ती म्हणाली. "बारा वाजत आले."

"वहिनी, एक काम करा. कागद घ्या. मी वाचतो ते आकड्यात लिहा."

"मला इंग्रजी कुठे येतंय एवढं."

"एवढं लागतही नाही. मिलियन म्हटलं की एक रेघ मारायची. थाउजंड म्हटलं की दुसरी. बाकी एक ते शंभर येतात ना?"

"आठवीपर्यंत शिकले आहे, भाऊजी."

मी वाचलं. टेन मिलियन. तिने दहा लिहून रेघ मारली. सिक्स हंड्रेड ट्वेंटी थाउजंड. सहाशे वीस लिहून रेघ मारली. पेन उचललं.

"झालं. दहा हजार सहाशे वीस."

"थाउजंडच्या पुढे तीन घरं राहिली. मी काही बोललो नाही म्हणजे ती रिकामी. रिकाम्या घरात शून्य."

"रिकामं आहे तर लिहायचं कशाला?"

"नाही लिहिलं तर घरच पडतं."

तिने तीन शून्यं लिहिली. कागद माझ्याकडे न देता स्वतःच उजवीकडून मोजायला लागली, पण आपल्या रीतीने. एकं, दहं, शतं, हजार, दहा हजार, लाख, दहा लाख, कोटी. शेवटच्या एकावर बोट ठेवून म्हणाली, "एक कोटी सहा लाख वीस हजार. हे बरोबर. छापा."

पत्र छापलं, शिक्का घेतला. ती उठली, कपाटातून एक कागद काढून पाकिटात घातला.

"हे काय?"

"सही करायचा अधिकार यांना दिल्याचं पत्र. पहिल्या पाकिटात घातलं होतं, याच्यातही लागेल. अटी तुम्हीच वाचून दाखवल्या होत्या ना?"

ते माझ्या ध्यानातही नव्हतं.

रंगवाल्याकडे आम्ही दोघं गेलो. भट्टीजवळ धाकटा एका पलंगाची दांडी नखाने खरवडून दाखवत होता आणि रंगवाला ती दांडी बघायला तयार नव्हता.

"नखाने कोणी पलंग खरवडतं का, शेट?"

"पेशंट खरवडतात. दुसरा काय उद्योग असतो त्यांना?" मग त्याला आम्ही दिसलो. आधी त्याने बायकोला विचारलं, "कोणाला काय झालं?" गेल्या वर्षीपासून आमच्या घरात कोणी अचानक दिसलं की पहिला प्रश्न हाच असतो.

"कोणाला काही नाही. सही कर," मी म्हटलं.

त्याने पत्र वाचलं. इंग्रजी वाचायला त्याला वेळ लागतो, ओठ हलतात. मग घड्याळ बघितलं. एक वाजायला पाच मिनिटं होती. तिथेच पलंगावर कागद ठेवून सही केली आणि टेम्पोकडे निघाला. रंगवाला मागून म्हणाला, "मग दांड्यांचं काय?" धाकट्याने नुसता हात हलवला.

टेम्पोत पुढे तिघं बसलो. वहिनी मध्ये. रस्ता खणलेला होता, एकच बाजू चालू. मी खिडकीच्या काचेची मूठ वर-खाली फिरवत होतो. वहिनींनी माझ्या हातावर हात ठेवून तो थांबवला, मग काढून घेतला. मी बोलायचं होतं.

"मी तुला खोटं सांगितलं," मी म्हटलं. "दोघांनी तपासलं नव्हतं. मी एकट्यानेच केलं. एकट्याने तपासलंही नाही."

धाकट्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. पुढे मातीचा ढीग होता, तो ओलांडला.

"बिल बघून मला वाटलं, ठेवलं असेल कोणीतरी," तो म्हणाला. "बरं वाटलं होतं. म्हटलं, भाऊजींना सोबत झाली."

"पैसे परत देतो."

"ते द्याच. उधारी ठेवणार नाही मी." मग थोड्या वेळाने, "ताईने तुम्हाला आज जेवायला वाढलं नसतं."

"नसतंच."

"तिने मला एकदा पावती चुकली म्हणून आठवडाभर फोन केला नव्हता. एक टिंब चुकलं होतं. एक टिंब."

"टिंब तुम्ही कुठे दिलं होतंत ते पण सांगा," वहिनी म्हणाल्या. "साडेबाराशेचे साडेबारा हजार केले होते यांनी."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"गाडी चालवा. दीड वाजलाय."

टेंडरच्या कार्यालयात पोचलो तेव्हा एक वाजून पंचेचाळीस मिनिटं झाली होती. दुसऱ्या मजल्यावर खिडकी, खिडकीमागे एक बाई, बाईसमोर पत्र्याची पेटी. बाईंनी पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

"यावर काही लिहिलेलं नाही. हे पहिलं पाकीट की बदल?"

"बदल," मी म्हटलं.

"मग मोठ्या अक्षरात मॉडिफिकेशन लिहा. नाहीतर एकाच कारखान्याची दोन टेंडरं समजून दोन्ही बाद करतील."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. बाईंनी आत सही आणि अधिकारपत्र आहे ना, एवढं विचारलं. वहिनी माझ्याकडे न बघता "आहे" म्हणाल्या. बाईंनी वेळ टाकून पोच दिली. एक पन्नास. पाकीट पेटीत पडलं.

अडीचला एका लांब खोलीत पेटी उघडली. टेबलाच्या एका बाजूला तीन अधिकारी, दुसऱ्या बाजूला चार कारखान्यांची माणसं. आम्ही मागच्या खुर्च्यांवर. मला खाली बसवेना, मी भिंतीला टेकून उभा राहिलो. प्रत्येक पाकीट फोडून रक्कम मोठ्याने वाचायची आणि फळ्यावर लिहायची अशी पद्धत होती. पहिल्या कारखान्याची इलेव्हन मिलियन टू हंड्रेड फॉर्टी थाउजंड. दुसऱ्याची टेन मिलियन फोर हंड्रेड नाइन्टी-फाइव्ह थाउजंड. मी मनात आकडे लिहीत होतो. १०,४९५,०००. एक कोटी चार लाख पंच्याण्णव हजार.

तिसरं आमचं. अधिकाऱ्याने कागद डोळ्यांजवळ धरला.

"वन मिलियन सिक्स हंड्रेड ट्वेंटी थाउजंड," तो वाचून थांबला. बाजूच्याला कागद दाखवला. खोलीत खुर्च्या सरकल्या.

"सोळा लाखात एकशेवीस पलंग?" पुढचा एक जाड माणूस मागे वळला. "मग आम्हालाच द्या की. आम्ही भंगारात विकून पैसे करू."

दोघं-तिघं हसले. धाकटा समोर बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. अधिकाऱ्याने टेबलावरचं दुसरं पाकीट शोधलं, फोडलं, सही आणि अधिकारपत्र ताडून बघितलं. ते ताडायला त्याला फार वेळ लागला असं मला वाटलं. मग त्याने वाचलं.

"बदललेली रक्कम. टेन मिलियन सिक्स हंड्रेड ट्वेंटी थाउजंड."

फळ्यावर तेच लिहिलं गेलं. चौथ्या कारखान्याची रक्कम आमच्याहून जास्त होती. कागदांची छाननी व्हायची होती, पण काम दुसऱ्या कारखान्याकडे जाणार हे खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. फरक सव्वा लाखाचा. अनामत आम्हाला परत मिळणार होती.

जिन्यावर धाकटा थांबला, कठड्याला टेकला.

"सोळा लाखात जिंकलो होतो, भाऊजी. दोन मिनिटं का होईना."

मला हसू आलं नाही. वहिनी हसल्या, मग तोही हसला. त्याने हात खिशात घातले.

"चला, आता कुठेतरी बसून खाऊ. तुम्ही कोणी जेवलेलं नाही," वहिनी म्हणाल्या.

"मला कार्यालयात सोडा," मी म्हटलं.

"आता कशाला? संपलं ना."

संपलेलं नव्हतं. फळ्याकडे बघत असतानाच ते माझ्या डोक्यात आलं होतं. हे एकच टेंडर मी एकट्याने केलेलं नव्हतं. आठ महिन्यांत कितीतरी कागद गेले होते, आणि सगळ्या बिलांवर तपासणीची ओळ भरलेली होती. मी दोघांना ते सांगितलं. धाकट्याने टेम्पोचं दार उघडलं.

कार्यालयात मी फायली टेबलावर काढल्या. लाखांच्या कागदांत ही चूक होत नाही, तुकडे पाडले तरी. कोटीच्या कागदांतच होते. आणि कोटीतही सगळीकडे नाही. कोटीच्या पुढचे लाख दहा किंवा जास्त असले की तुकडे पाडणारा स्वतःच अडकतो, कारण त्या लाखांचाच एक मिलियन होतो, आणि मग एका रकमेत दोनदा मिलियन यायला लागतं. तिथे माझ्या लक्षात आलंच असतं. चूक लपते ती फक्त ते लाख दहाच्या आत असताना. असे कागद तीन निघाले.

वहिनी समोर बसल्या. धाकटा खिडकीत उभा राहिला. मी वाचलं, त्यांनी लिहिलं. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा एका बँकेचा दाखला होता. एक निवृत्त मुख्याध्यापक बाई, जागा विकून आलेली रक्कम, नातीला परदेशात शिकायला पाठवायचं म्हणून खात्यात पैसे असल्याचा पुरावा. मी वाचलं, टू मिलियन थ्री हंड्रेड थाउजंड. वहिनींनी लिहिलं, मोजलं.

"तेवीस लाख."

मी मूळ दाखला उलटा केला. २,०३,००,०००. दोन कोटी तीन लाख.

कागद देऊन अकरा दिवस झाले होते. मी फोन लावला. बाईंनी आवाज ओळखला.

"बरं झालं फोन केलात. तुम्हाला विचारायचंच होतं. तिकडच्या विद्यापीठातून पत्र आलंय, दाखल्यातला आकडा आणि शब्द जुळत नाहीत म्हणून. चार दिवस पोरगी बँकेत खेटे घालते आहे. ते म्हणतात आमचा दाखला बरोबर आहे, तुम्हीच काहीतरी खाडाखोड केली असेल. काल रडत आली घरी. उत्तर द्यायची मुदत उद्यापर्यंत आहे."

"बँकेची चूक नाही," मी म्हटलं. "तिचीही नाही. माझी आहे. आकडा बरोबर आहे, शब्द मी चुकीचे लिहिले."

मी कोरा कागद पुढे ओढला.

"तुमच्याकडून," बाई म्हणाल्या.

"हो. नवीन प्रत आणि चूक माझी असल्याचं सही-शिक्क्याचं पत्र आत्ता घेऊन येतो. बँकेतही मी स्वतः जाईन."

"बँकेत जाऊ नका. आधी इथे या. तिला सांगा. माझं ती ऐकत नाही, तिला वाटतंय तिनेच कुठे कागद मिसळले."

फोन ठेवला. ट्वेंटी मिलियन थ्री हंड्रेड थाउजंड. वहिनींनी ऐकून लिहिलं, या वेळी शून्यं न सांगता भरली. मी पत्र टाइप केलं, चूक भाषांतरकाराची आहे असं पहिल्याच वाक्यात लिहिलं, सही केली.

"मी सोडतो," धाकटा म्हणाला. "वर येऊ का?"

"नको."

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. मी बेल वाजवली. दार नातीने उघडलं, वीस-एकवीस वर्षांची, हातात बँकेची फाईल तशीच होती. बहुतेक पुन्हा निघाली होती. तिने मला ओळखलं नाही.

"आजी आत आहे, बसा," ती म्हणाली.

मी आत गेलो नाही. दारातच तिच्या हातात पत्र दिलं आणि ती ते उघडायच्या आत सांगितलं, की तुझ्याकडून काही चुकलेलं नाही, दाखल्यात चुकलं ते माझ्याकडून. तिने पत्र वाचलं. मग फाईल खाली ठेवली, पायातली चप्पल काढली, आणि आत वळून म्हणाली, "आजी, मी बँकेत जात नाही गं."